सात होते, सातच राहिले

गाण्याच्या स्पर्धेची फायनल असली की गाणी सुरू व्हायच्या आधी प्रत्येक स्पर्धकाची एक छोटी फिल्म दाखवतात, त्याला सगळे ‘प्रवास’ म्हणतात. ऑडिशनची रांग, आईचे डोळे भरलेले, परीक्षक उभं राहून टाळ्या वाजवतायत, आणि मग थेट फायनलचा स्टेज. बघायला छानच वाटतं. पण मला त्या फिल्मवर कधीच भरवसा ठेवता येत नाही, कारण त्यात मधले तीन-चार आठवडे सरळ गायब असतात आणि नेमके तेच आठवडे मला हवे असतात. हा मुलगा मधे बाहेर गेला होता का? गेला असेल तर परत कसा आला? की गेलाच नव्हता, जाता जाता राहिला? या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांना एकाच पोत्यात भरतात.

हे मला इतकं का लागतं, तर आमच्या सोलापुरात गणपतीच्या दिवसांत गाण्याच्या स्पर्धा होतात, कराओकेच्या तर आता जवळजवळ प्रत्येक पेठेत, आणि आमच्या भागातल्या स्पर्धेत गुणांची बेरीज करायला मी बसते. परीक्षकांच्या शेजारचं टेबल, समोर गुणपत्रकं, हातात कॅल्क्युलेटर. तिथे बसलं की निकाल कसा तयार होतो ते आतून दिसतं, आणि एकदा दिसलं की टीव्हीवरचा निकाल पण तसाच बघायची सवय लागते. मी साधी वही ठेवते. दर आठवड्याला दोनच आकडे, किती जण गायले आणि पुढच्या आठवड्यात किती जण आले. बाकी रडारड, भाषणं, पाहुणे काही नाही लिहीत.

या दोन आकड्यांनी किती कळतं ते सांगायला मी एक जुना परदेशी सीझन घेते, अमेरिकन आयडलचा अकरावा, २०१२ सालचा. परदेशी का, तर तिथे तेव्हा एका रात्री गाणी आणि दुसऱ्या रात्री निकाल असं थेट चालायचं, प्रत्येक निकाल तारखेसकट नोंदलेला आहे आणि आज कुणीही पुन्हा ताडून बघू शकतं. आपल्याकडे शूटिंग आधी, प्रक्षेपण नंतर आणि मतांचे आकडे चॅनल सहसा सांगत नाहीत, त्यामुळे हिशेब शिकायला तो सीझन बरा.

त्या वर्षी फायनलला दोघं होते, फिलिप फिलिप्स आणि जेसिका सांचेझ. २३ मेला फिलिप जिंकला. जेसिकाबद्दल आजही लोक सांगतात की ती बाहेर पडली होती आणि वाइल्डकार्डने परत आली. माझा भाचा पण हेच म्हणत होता, अगदी छातीठोकपणे. म्हटलं चल, मांडून बघू.

सुरुवात १३ जणांपासून. हे १३ कसे झाले तेच आधी बघायला हवं, कारण वाइल्डकार्ड असतं ते इथेच. लोकांच्या मतांवर पाच मुलगे आणि पाच मुली थेट आले, म्हणजे १०. मग परीक्षकांनी बाद झालेल्यांमधून तिघांना वाइल्डकार्ड दिलं, जेरेमी रोझाडो, डीआंद्रे ब्रॅकन्सिक आणि एरिका व्हॅन पेल्ट. झाले १३. जेसिका या तिघांत नाहीच, ती मतांवर आलेल्या पाच मुलींमधली. म्हणजे वाइल्डकार्डचा दावा पहिल्याच पायरीला पडला.

पुढे. पहिल्या आठवड्यात जेरेमी गेला, राहिले १२. दुसऱ्या आठवड्यात जर्मेन जोन्सला स्पर्धेतून काढून टाकलं, त्याने आपल्या अटकांची माहिती लपवली होती म्हणून, ही १४ मार्चची गोष्ट, आणि त्याच आठवड्यात मतांवर शॅनन मॅग्रेन पण गेली. राहिले १०. इथे वहीत १२ नंतर एकदम १० दिसतात आणि तिथेच थांबायचं असतं, एका आठवड्यात दोन का गेले? डबल एलिमिनेशन होतं का? नव्हतं, एक हकालपट्टी आणि एक मतं. मग एरिका गेली, ९. हीजून हान गेला, ८. डीआंद्रे गेला, ७. तिघेही वाइल्डकार्डवाले इथपर्यंत संपले.

आता १२ एप्रिल. सात जण, आणि निकालाच्या रात्री सगळ्यात कमी मतं कुणाला, तर जेसिकाला. तिचं नाव जाहीर झालं. त्या काळी नियम असा होता की कमी मतांवर जाणारा स्पर्धक शेवटचं एक गाणं म्हणतो आणि परीक्षकांना वाटलं तर ते त्याला वाचवू शकतात, पण सीझनमध्ये एकदाच आणि तिघांचं एकमत असेल तरच. जेसिकाने गायला सुरुवात केली तोच जेनिफर लोपेझ स्टेजवर गेली, तिच्या हातातला माइक घेतला, आणि मागोमाग बाकीचे परीक्षक. वाचवली. सात होते, सातच राहिले. दुसऱ्या आठवड्यात, १९ एप्रिलला, कोल्टन डिक्सन गेला आणि ६ झाले. मग एलिस टेस्टोन, स्कायलर लेन, हॉली कॅव्हना, जोशुआ लेडेट अशा क्रमाने एकेक करून दोघांवर आलं.

मग जेसिका बाहेर पडली होती का? मतांनी पडली होती, स्पर्धेने पाडली नाही. ती एक रात्रसुद्धा स्पर्धेबाहेर नव्हती, एकही आठवडा तिचं गाणं चुकलं नाही. निकाल लागला आणि लागल्या जागीच उलटवला गेला. याला वाइल्डकार्ड म्हणणं तिच्यावर अन्याय, आणि ‘कधीच एलिमिनेट झाली नाही’ एवढंच म्हणून सोडून देणं हा मत देणाऱ्यांवर अन्याय, कारण त्या रात्री त्यांनी तिला सगळ्यात खाली ठेवलं होतं, हे खरंच आहे.

आणि याच हिशेबात मला आवडलेली एक बारीक गोष्ट आहे. हा सेव्हचा नियम २००९ साली आला. २००९, २०१० आणि २०११ या तिन्ही वर्षी एकाला वाचवलं की पुढच्या आठवड्यात दोघांना घरी पाठवलं गेलं, कारण फायनलची तारीख ठरलेली असते, एक आठवडा कुणी गेलं नाही तर तो भरून काढावाच लागतो. २०१२ ला मात्र वाचवल्यावर पुढच्या आठवड्यात एकटा कोल्टनच गेला. कसं काय? बेरीज करा. १३ वरून २ वर यायचं म्हणजे ११ जण जायला हवेत आणि निकालाचे आठवडे पण अकराच होते. एका आठवड्यात शून्य गेले, पण आधी जर्मेनच्या वेळी एका आठवड्यात दोन गेलेले होतेच. खड्डा आधीच बुजलेला. हे कुठल्याही ‘प्रवास’ फिल्ममध्ये सांगत नाहीत, वहीत आपोआप दिसतं. त्यामुळे आपल्याकडचा कुठलाही सीझन बघताना आकडा अडला की मी आधी हेच बघते, न गेलेला माणूस पुढे की मागे कुठेतरी भरून काढलाय का.

एक सावधगिरी मात्र लागते. सातचे सात राहिले म्हणजे दर वेळी कुणाला वाचवलं असं नाही. आपल्याकडे सणाचा स्पेशल एपिसोड असतो, मोठा पाहुणा येतो, ‘आज कोणीच घरी जाणार नाही’ म्हणतात, टाळ्या. त्या आठवड्यात आकडा तसाच राहतो पण निकाल उलटलेला नसतो, निकालच लागलेला नसतो. फरक एकाच गोष्टीने कळतो, जाणाऱ्याचं नाव जाहीर झालं होतं का. झालं असेल आणि मग राहिला तर निकाल उलटला. नावच घेतलं नसेल तर तो आठवडा बिननिकालाचा. आणि ‘बॉटम थ्री’मध्ये तिघांना उभं करतात तेव्हा ते ज्या क्रमाने उभे केले तोच मतांचा क्रम असं समजू नये, बरेचदा सूत्रसंचालक स्वतःच सांगतो की हा क्रम काही विशिष्ट नाही. लोक तेवढंच वाक्य ऐकत नाहीत.

खरं वाइल्डकार्ड कसं असतं ते बघायचं तर अमेरिकन आयडलचाच २००३ चा सीझन घ्या. क्ले एकेन उपांत्य फेरीत आपल्या गटातून पुढे जाऊ शकला नाही, बाहेर गेला, आणि मग वाइल्डकार्डच्या फेरीत लोकांच्या मतांवर परत आला. तिथून तो फायनलपर्यंत गेला आणि रुबेन स्टडर्डकडून हरला ते साधारण २ कोटी ४० लाख मतांत १ लाख ३४ हजारांच्या फरकाने. हा माणूस स्पर्धेबाहेर गेला होता, नियमाने गेला होता आणि नियमानेच परत आला. पुढच्याच वर्षी जेनिफर हडसन अशीच वाइल्डकार्डने आत आली आणि सातव्या नंबरवर बाहेर पडली. २००७ मध्ये तिला ऑस्कर मिळालं तेव्हापासून ‘बघा, हिला एका स्पर्धेने हाकललं होतं’ हे वाक्य चालूच आहे, पण त्याच स्पर्धेने तिला आधी एकदा परत बोलावलं होतं हे कुणी त्या वाक्यात घालत नाही.

वाइल्डकार्डबद्दल चीड का येते तेही मला समजतं. ब्रिटनमधल्या एक्स फॅक्टरच्या २०११ च्या सीझनला पहिल्याच लाइव्ह आठवड्यात चारही परीक्षकांनी आपापल्या गटातला एकेक स्पर्धक काढला, त्यात अमेलिया लिली गेली. नोव्हेंबरमध्ये एका स्पर्धकाला नियम मोडल्यामुळे स्पर्धा सोडावी लागली, जागा रिकामी झाली, तेव्हा त्या काढलेल्या चौघांमधून लोकांनी मत देऊन अमेलियाला परत आणलं आणि ती थेट तिसऱ्या नंबरपर्यंत पोचली. गायली चांगलीच. पण मधला महिनाभर बाकीचे दर आठवड्याला लोकांच्या मतांना सामोरे जात होते, नवं गाणं बसवत होते, दर शनिवारी घसा पणाला लावत होते, आणि ती घरी होती. म्हणून मी वहीत वाइल्डकार्डवाल्याच्या नावापुढे एक वेगळा रकाना करते, हा किती मतदानांतून गेला. तिसरा नंबर तोच, पण एक जण दहा मतदानांतून गेलेला आणि एक जण सहांतून, तर दोघांचा ‘प्रवास’ सारखा म्हणता येत नाही. याचा अर्थ वाइल्डकार्ड नको असा नाही. एका वाईट संध्याकाळी, घसा बसलेला असताना चांगला गाणारा बाद होतो, हे मी आमच्याच मंडपात बघितलंय. परत आणा, जरूर आणा, फक्त परत आणलं हे सांगा.

टायचं प्रकरण याहून किचकट, कारण तिथे कुणी बाहेर गेलेलं नसतं, कुणाला वाचवायचं नसतं, दोन आकडे नुसते सारखे आलेले असतात आणि सगळे तुमच्याकडे बघत असतात. एका वर्षी आमच्या स्पर्धेत हेच झालं. तीन परीक्षक, प्रत्येकाकडे ५० गुण, त्यातले २० सुराला, १५ तालाला, १५ भावाला. पहिल्या मुलीला ४२, ४१ आणि ३७. दुसऱ्या मुलाला ३९, ३८ आणि ४३. दोघांची बेरीज १२०. मी तीनदा केली, १२०च. समोर आमचे अण्णा, मंडळाचे सगळ्यात जुने कार्यकर्ते, हातात माइक घेऊन निकालाची वाट बघत उभे.

“काय ओ ताई, कोण?”

“अण्णा, टाय झालाय. कागदावर नियम काय लिहिलाय?”

कागदावर काहीच नव्हतं. आणि मग तिथल्या तिथे प्रत्येकाचा एक नियम तयार झाला. एक परीक्षक म्हणाले, तिघांपैकी दोघांनी मुलीला जास्त दिलेत, मग तीच पहिली, आणि ते बरोबरच होतं. दुसरे म्हणाले, गाण्यात सूर महत्त्वाचा, सुराची बेरीज बघा. ती बघितली तर मुलीचे ६० पैकी ४७ आणि मुलाचे ४८, म्हणजे मुलगा पहिला, आणि तेही बरोबरच होतं. मागून कुणीतरी म्हणालं, दोघांना परत गायला लावा. अण्णांना दोघांनाही पहिलं करायचं होतं, पण ढाल एकच होती आणि पुढच्या फेरीला एकाचंच नाव पाठवायचं होतं.

बघा ना, गुण तेच, कागद तोच, आणि नियम बदलला की विजेता बदलतो. त्यातही खरी गोम तिसऱ्या परीक्षकात होती. पहिल्या दोघांनी दोघा स्पर्धकांत तीन-तीन गुणांचा फरक केला, तिसऱ्याने एकट्याने सहाचा केला, म्हणजे त्यांचं एकट्याचं मत दोघांच्या मतांइतकं वजनदार झालं. तो परीक्षक चुकला असं मी म्हणत नाही, काही जण गुण हात मोकळा सोडून देतात, काही जण मुठीत धरून देतात. पण नुसती बेरीज केली की मोकळ्या हाताचा माणूस निकाल ठरवतो, हे तेव्हा माझ्या नीट डोक्यात बसलं. शेवटी तिन्ही परीक्षकांनी बसून सुराचा निकष धरला, मुलगा पहिला आला, आणि मुलीचे वडील बराच वेळ स्टेजच्या पायऱ्यांशी माझ्याकडचं गुणपत्रक हातात धरून उभे होते. त्यांनी भांडण केलं नाही. एवढंच विचारलं, “हे आधी ठरलं होतं का?” त्याला उत्तर नव्हतं.

हाच प्रश्न युरोपात फार मोठ्या स्टेजवर आलेला आहे. युरोव्हिजन या देशादेशांमधल्या गाण्याच्या स्पर्धेत १९६९ साली चार देशांना सारखे १८ गुण पडले, स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स, आणि टाय फोडायचा नियमच नव्हता, म्हणून चौघांनाही विजेते ठरवावं लागलं. त्यानंतर नियम आला. १९९१ ला स्वीडन आणि फ्रान्स दोघांचे १४६. यावेळी नियम हातात होता, कुणाला जास्त वेळा १२ गुण, म्हणजे एका देशाकडून मिळू शकणारे सगळ्यात जास्त गुण, मिळाले ते बघा. दोघांनाही चार वेळा. मग १० गुण कितीदा ते बघा. स्वीडनला पाच वेळा, फ्रान्सला दोन वेळा. स्वीडन जिंकलं. पण पुढे नियम बदलला आणि टाय झाला तर आधी किती देशांनी गुण दिले ते मोजायचं ठरलं, आणि त्या मापाने बघितलं तर १९९१ ला फ्रान्सला १८ देशांनी गुण दिले होते आणि स्वीडनला १७. म्हणजे नंतरच्या नियमाने फ्रान्स जिंकलं असतं. तरी १९९१ च्या निकालाला बोट लावता येत नाही, कारण तो त्या रात्री लागू असलेल्या नियमाने लागला. आमच्या मंडपात ५० खुर्च्यांची स्पर्धा असली तरी तिथे कमी होतं ते नेमकं हेच.

म्हणून कुणी मला म्हणालं की अमका टायब्रेकने फायनलला गेला, तर मी तीन गोष्टी विचारते. टाय नक्की कशाचा होता, परीक्षकांच्या गुणांचा की लोकांच्या मतांचा? फोडायचा नियम त्या सीझनच्या सुरुवातीला सांगितला होता का? आणि त्या नियमात दुसरा स्पर्धक कितीवर होता? एक्स फॅक्टरमध्ये कमी मतांच्या दोघांपैकी कुणाला काढायचं यावर परीक्षक दोन विरुद्ध दोन अडकले की त्याला ‘डेडलॉक’ म्हणायचे आणि मग लोकांची मतं मोजायची. २००९ मध्ये जॉन आणि एडवर्ड या जुळ्या भावांसमोर लूसी जोन्स होती, सायमन कॉवेलच्या मताने डेडलॉक झाला आणि मतं कमी असल्याने लूसी गेली. खूप आरडाओरडा झाला. पण नियम आधीपासूनचा होता, आणि त्या निकालातून एरवी गुप्त राहणारी एक गोष्ट पण कळली, की त्या दोघांत कमी मतं कुणाला होती. जुळे भाऊ परीक्षकांमुळे राहिले असं म्हणणारे अर्धंच सांगतात, शेवटचा निर्णय मतांचा होता.

आपल्याकडे ‘लिटल चॅम्प्स’ला गुण स्वरांत द्यायचे, ध, नी, वरचा सा. ऐकायला फार गोड, पण मोजायला बसलं तर पट्टी फार जाड, सगळीच मुलं चांगली गायली की सगळ्यांना नी आणि सा, मग सारखे गुण होणारच. जितकी पट्टी जाड तितके टाय जास्त, आणि टाय जास्त म्हणजे नियम आधी लिहून ठेवायची गरज पण जास्त. आमच्याकडे आता परीक्षक पन्नासात अर्धा गुण पण देऊ शकतात, त्याने टाय कमी झाले, संपले नाहीत.

त्या वर्षानंतर आमच्या नियमांच्या कागदावर दोन ओळी वाढल्या. पहिली, बेरीज सारखी आली तर आधी किती परीक्षकांनी कुणाला वर ठेवलं ते बघायचं, तेही सारखं झालं तर सुराचे गुण, तेही सारखे तर परत गायचं, आणि हे स्पर्धा सुरू व्हायच्या आधी माइकवरून वाचून दाखवायचं. दुसरी ओळ मी हट्टाने घातली. फायनलच्या यादीत प्रत्येक नावापुढे ‘कसे आले’ असा रकाना, त्यात थेट, वाइल्डकार्ड किंवा टाय असं लिहायचं आणि ती यादी मंडपाच्या दाराशी लावायची. अण्णा पहिल्यांदा नाही म्हणाले, पोरांना वाईट वाटेल, घरचे लोक बोलतील. गेल्या वेळी वाइल्डकार्डने आलेली एक कॉलेजची मुलगी यादीसमोर उभी राहून मोबाईलवर फोटो काढत होती, स्वतःच्या नावाचा, रकान्यासकट. अण्णांनीच तिला विचारलं, “चालतंय ना गं, असं लिहिलेलं?” ती म्हणाली, “लिहाच की अण्णा, दोनदा गायलेय मी.”